सर्वांची संमती घेतली, म्हणजे कोणाची?

संशोधन निबंधाच्या शेवटी, संदर्भसूचीच्या जरा आधी, चार-पाच ओळींचा एक परिच्छेद असतो. अभ्यासाला नैतिकता समितीची मान्यता होती आणि सहभागी झालेल्यांची संमती घेतली होती, एवढे त्यात सांगितलेले असते. बहुतेक लेखक तो सगळ्यात शेवटी आणि घाईत लिहितात. कित्येकदा आपल्याच जुन्या निबंधातून उचलतात. ज्यांच्या शरीरातून रक्त घेतले, ज्यांच्या घरातली माहिती विचारली, त्या माणसांना काय विचारले गेले आणि त्यांची काळजी कशी घेतली, हे छापील निबंधात सहसा याच एका जागी वाचायला मिळते.

एक कल्पित पण ओळखीचे उदाहरण घेऊ. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या पथकाने आश्रमशाळेतल्या १० ते १६ वर्षांच्या मुलींमधला रक्तक्षय तपासला. बोटाला सुई टोचून हिमोग्लोबिन मोजले आणि आहाराविषयी प्रश्न विचारले. निबंधात त्यांनी लिहिले: ‘सदर अभ्यास हेलसिंकी जाहीरनाम्यातील सर्व तत्त्वांचे काटेकोर पालन करून करण्यात आला. अभ्यासास संस्थेच्या नैतिकता समितीची रीतसर मान्यता घेण्यात आली होती. सर्व सहभागींना अभ्यासाची संपूर्ण माहिती देऊन त्यांची लेखी संमती घेण्यात आली. माहिती पूर्णपणे निनावी ठेवण्यात आली असून सहभागींच्या गोपनीयतेची सर्वतोपरी काळजी घेण्यात आली.’

वाचायला भारदस्त आहे, पण नेटाने वाचणारा संपादक दुसऱ्याच वाक्याला अडतो. मान्यता कोणत्या समितीने, कधी, कोणत्या क्रमांकाने दिली? तारीख महत्त्वाची, कारण ती माहिती गोळा करायला सुरुवात होण्यापूर्वीची असावी लागते. निबंधात दुसरीकडे ‘संकलन जुलैपासून’ असे असेल आणि मान्यतापत्रावर सप्टेंबर असेल, तर ती विसंगती दोन तारखा शेजारी ठेवल्यावरच दिसते. ‘रीतसर’ हा शब्द ती झाकतो.

पुढचे वाक्य याहून अवघड आहे. ‘सर्व सहभागींची लेखी संमती’ म्हणजे दहा वर्षांच्या मुलीने सही केली, असा अर्थ निघतो. आपल्याकडे १८ वर्षांखालच्या व्यक्तीसाठी संमती आई-वडील किंवा कायदेशीर पालक देतात, आणि त्याशिवाय मुलाची स्वतःची अनुमती घ्यायची असते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ७ ते १२ वर्षांच्या मुलांची अनुमती तोंडी आणि त्याहून मोठ्यांची लेखी असते. म्हणजे त्या एका वाक्यात निदान तीन वेगवेगळ्या कृती कोंबल्या आहेत. मुलगी शाळेच्या वसतिगृहात आणि आई-वडील दूरच्या पाड्यावर असतील, तर पालकांपर्यंत कोण आणि कसे पोहोचले, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न कागदी नाही. २००९ साली आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची लस देण्याचा प्रकल्प सुरू झाला. २०१० मध्ये केंद्र सरकारने तो थांबवला. संमतीपत्रे नंतर तपासली गेली, तेव्हा खम्मममध्ये बऱ्याच अर्जांवर पालकांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या असल्याचे पुढे आले. संसदीय समितीने २०१३च्या अहवालात त्यावर कडक ताशेरे ओढले. अधीक्षक मुलींची रोजची काळजी घेत असले, तरी त्या सहीने पालकांची संमती मिळत नाही. मुख्याध्यापकांची किंवा प्रकल्प कार्यालयाची परवानगी शाळेत पाऊल ठेवण्यापुरती असते. निवेदनात ती संमतीच्या जागी आली, की वाचणाऱ्याची दिशाभूल होते.

तिसरी अडचण ‘निनावी’मध्ये आहे. निबंधाच्या निष्कर्षांत एक ओळ आहे: हिमोग्लोबिन ८ ग्रॅमपेक्षा कमी आढळलेल्या मुलींना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले. मग नावे नोंदलीच नव्हती, तर त्या मुली सापडल्या कशा? उत्तर सरळ आहे. प्रत्येक नमुन्याला सांकेतिक क्रमांक होता आणि क्रमांक-नावाची यादी पथकाकडे होती. हे चांगलेच केले, कारण तसे नसते तर आजारी मुलीवर उपचार झाले नसते. पण माहिती निनावी नव्हती, सांकेतिक होती, आणि यादी कोणाकडे आहे हे वाचकाला कळायला हवे.

म्हणून जाणता संपादक वाक्ये घासण्याआधी समासात प्रश्न लिहितो आणि लेखकाकडे मान्यतापत्र, माहितीपत्रक व कोरे संमतीपत्र मागतो. या उदाहरणात लेखकांनी उत्तरे दिली. त्यांनी २४० मुलींच्या पालकांना विचारले, २२१ मुलींच्या पालकांनी होकार दिला, आणि त्यांतल्या ९ मुलींनी स्वतः नको म्हटले. हा शेवटचा आकडा लेखकांनी किरकोळ म्हणून गाळला होता. नकार देता येत होता आणि तो मानला गेला, याचा सगळ्यात भक्कम पुरावा तोच आहे. सुधारलेले निवेदन असे झाले:

‘महाविद्यालयाच्या संस्थात्मक नैतिकता समितीने १२ जून २०२३ रोजी अभ्यासाला मान्यता दिली, मान्यता क्रमांक शीर्षपृष्ठावर आहे. माहिती संकलन ३ जुलैला सुरू झाले. शाळेत अभ्यास करण्याची परवानगी प्रकल्प कार्यालयाने दिली. सहभागी २१२ मुलींच्या आई किंवा वडिलांची लेखी संमती पालकसभेत व घरभेटीत घेतली. वाचता न येणाऱ्यांना माहितीपत्रक वाचून दाखवून, पथकाबाहेरच्या साक्षर साक्षीदारासमोर अंगठा घेतला. १२ वर्षांपर्यंतच्या मुलींची तोंडी व मोठ्या मुलींची लेखी अनुमती घेतली. पालकांचा होकार असूनही नकार देणाऱ्या ९ मुलींची तपासणी केली नाही. नोंदींवर सांकेतिक क्रमांक होते. नावांची यादी मुख्य संशोधकाकडे कुलूपबंद होती. हिमोग्लोबिन ८ ग्रॅमपेक्षा कमी असलेल्या मुलींच्या पालकांना कळवून त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवले.’

निवेदन जुन्यापेक्षा लांब झाले, पण त्यातले एकही वाक्य दुसऱ्या निबंधात जसेच्या तसे चिकटवता येणार नाही. गेले ते ‘काटेकोर’, ‘संपूर्ण’, ‘सर्वतोपरी’. हेलसिंकी जाहीरनाम्याचे वाक्यही गेले. एखादे नियतकालिक ते मागत असेल तर ठेवावे, पण मग कोणत्या वर्षाची आवृत्ती तेही लिहावे, कारण १९६४ पासून जाहीरनाम्यात अनेकदा बदल झाले आहेत आणि ताजा २०२४चा आहे. जागा कमीच असेल तर संमतीची पद्धत अभ्यासपद्धतीच्या भागात हलवावी आणि निवेदनात मान्यता, संमती व अनुमती एवढे ठेवावे.

याच निवेदनात अतिकाळजीने एक उलटी चूकही होते. तालुका, शाळा, वय आणि दुर्मीळ आजार हे सगळे एकाच तक्त्यात दिले, तर गावातला माणूस त्या मुलीला नावाशिवाय ओळखतो. वर गोपनीयतेचे वाक्य आणि खाली असा तक्ता असेल, तर दुरुस्ती तक्त्यात करावी लागते. वयाचे गट मोठे करायचे किंवा शाळेचे नाव काढायचे.

काही ठिकाणी मात्र शब्द फिरवून भागत नाही. रुग्णालयाच्या जुन्या, ओळख काढलेल्या नोंदींवरच्या अभ्यासात संमतीची अट समितीने माफ केलेली असू शकते. तेव्हा ‘संमती घेतली’ असे न लिहिता ‘समितीने संमतीतून सूट दिली’ असे कारणासह लिहावे. ‘संमतीची गरज नव्हती’ असे लेखकाने परस्पर ठरवून लिहिणे वेगळे. ते ठरवणे समितीचे काम आहे. आणि मान्यता घेतलीच नसेल, किंवा संकलन सुरू झाल्यावर घेतली असेल, तर संपादकाने निवेदनाला हात लावू नये. लेखकाने घडले ते तारखांसह नियतकालिकाला आणि आपल्या समितीला लेखी कळवावे. माहिती गोळा झाल्यानंतर दिलेली मान्यता आधीच्या कामाला लागू होत नाही, आणि असा निबंध छापायचा की नाही हा निर्णय मग नियतकालिकाचा असतो.