फोटोतली बंगई ऐकू कशी येते?

दुकानदार इन्स्टाग्रामवर सागवानी बंगईचा फोटो टाकतो आणि त्यावरच ‘४ फूट, पितळी कड्या’ असं लिहितो. ही अक्षरं चित्राचाच भाग; टॉकबॅक किंवा व्हॉइसओव्हर लावून फोन वापरणाऱ्या अंध ग्राहकाला ती ऐकू येतीलच असं नाही. त्यासाठी ऑल्ट टेक्स्टची वेगळी चौकट असते.

तिथे नुसतं ‘बंगई’ लिहून भागत नाही. ‘चार फुटी सागवानी बंगई, पितळी कड्या, पाठीला जाळीदार कोरीव काम’ एवढं पुरतं. ‘या फोटोत’ ही सुरुवात नको. चित्र आहे हे फोन आधीच सांगतो. शोधात सापडावं म्हणून तिथे ‘स्वस्त फर्निचर पुणे’ कोंबणं म्हणजे ऐकणाऱ्याचा छळच! गाव आणि किंमत फोटोखालच्या मजकुरात शोभतात.

फोटोवरची पांढरी बारीक अक्षरं सागाच्या रेषांत विरतात. त्यांच्यामागे गडद पट्टी घातली, की कमी दिसणाऱ्यालाही वाचता येतात.