तक्रार ‘बंद’, इंटरनेटही बंद!

‘आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे’ असा मेसेज येतो आणि मोडेमवरचा LOS हा लाल दिवा मात्र लुकलुकतच असतो. हा अनुभव तुम्हालाही असेल. पुन्हा फोन केला की नवा नंबर मिळतो आणि कंपनीच्या लेखी ती पहिलीच तक्रार ठरते. घरून हिशेबाची कामं करणाऱ्या मला गेल्या वर्षी, जून २०२५ मध्ये, हे फार जड गेलं.

यावर एक वाट आहे. ‘ट्राय’च्या २०१२ च्या नियमांनुसार प्रत्येक कंपनीत तक्रार केंद्राच्या वर अपील ऐकणारा अधिकारी असतो. बंद पडलेली सेवा ३ कामाच्या दिवसांत सुरू व्हायला हवी. तसं झालं नाही, तर त्यानंतरच्या ३० दिवसांत अपील करायचं. फी नाही, वकील नको. पत्र किंवा ईमेल चालतो. पत्ता कंपनीच्या वेबसाइटवर असतो.

पत्रात रागापेक्षा तारखा बोलतात. मी लिहिलं ते असं :

‘९ जून : तक्रार क्र. ४१०७७२. ११ जूनला तंत्रज्ञ आले, अॅडॉप्टर बदलला, तक्रार बंद. त्याच रात्री LOS दिवा पुन्हा लाल.

१३ जून : क्र. ४११९३५. १६ जूनला घरातलं कनेक्टर बदललं. खांबावरच्या जोडात दोष असावा, असं तंत्रज्ञांनीच सांगितलं. तरी तक्रार बंद.

२० जून : क्र. ४१३३०८. कोणीही आलं नाही. २३ जूनला “ग्राहक घरी नव्हते” म्हणून तक्रार बंद. मी दिवसभर घरी होते, फोनही आला नाही.

या तिन्ही तक्रारी एकाच दोषाच्या आहेत. त्या एकत्र धराव्यात, खांबावरचा जोड तपासावा आणि ९ जूनपासूनचं भाडं बिलातून वजा करावं.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. तीन नंबर सुटे राहिले की तीन किरकोळ बिघाड, एकत्र बांधले की सोळा दिवस न झालेली दुरुस्ती! सोबत मेसेजचे आणि लाल दिव्याचे फोटो जोडले. प्रत्येक फोटोवर तारीख होती.

२५ जूनला ईमेल पाठवला. दुसऱ्याच दिवशी अपिलाचा वेगळा नंबर आला. ३० जूनला शिडी घेऊन माणसं आली. खांबावरच्या डब्यात पाणी शिरलं होतं. जोड बदलला, लाल दिवा विझला. भाडं पुढच्या बिलात वजा होऊन आलं.

अपिलाचा निकाल ३९ दिवसांत द्यावा लागतो. तोही पटला नाही, तर ग्राहक आयोगाचं दार उघडं असतं. दूरसंचार सेवेच्या तक्रारी तिथे चालतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

म्हणून तक्रारीचा मेसेज पुसू नका. कॅलेंडरवर त्या तारखेलाच नंबर टिपा, आणि कोण आलं, काय बदललं, तेही.