व्हिडिओ साफ झाला, पण झटका पुसला गेला

लहान मुलाला रात्री काही विचित्र झालं, की हल्ली घरातलं कुणीतरी आधी मोबाइल काढतं. ते योग्यच आहे. फिट आली की नाही हे ठरवताना डॉक्टरांना सर्वांत जास्त उपयोग होतो तो प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रसंगाचा. दवाखान्यात येईपर्यंत मूल शांत झोपलेलं असतं, आणि घाबरलेल्या आईला ‘आधी उजवा हात की डावा’ हे आठवत नाही. व्हिडिओ ते सांगतो. मात्र तो रात्रीच्या झिरोच्या बल्बमध्ये काढलेला असतो आणि पडद्यावर दाणेच दाणे दिसतात. मग घरातला एखादा हुशार भाऊ किंवा भाचा ॲपमध्ये टाकून तो ‘साफ’ करून आणतो. चित्र छान गुळगुळीत दिसतं आणि नेमकी हवी ती हालचाल त्यातून गेलेली असते.

हे दाणे येतात कुठून? प्रकाश कणाकणांनी येतो आणि तो ठरलेल्या तालात येत नाही. छतावर पावसाचे थेंब कुठे किती पडतील हे सारखं नसतं, तसंच. कॅमेऱ्याच्या एका ठिपक्यावर सरासरी १०० प्रकाशकण पडत असतील, तर प्रत्येक वेळी त्यात साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. भर उजेडात तिथेच १०,००० कण पडले, तर चढउतार १०० चा, म्हणजे फक्त एक टक्का. अंधारात चित्र खवखवीत दिसतं ते मुख्यतः यामुळे. कॅमेऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक भागाची खरखर त्यात थोडी भर घालते.

यावरचा उपाय म्हणजे ‘टेम्पोरल डीनॉइझिंग’, अर्थात काळाच्या ओघात सरासरी काढणं. मोबाइलचा व्हिडिओ म्हणजे सेकंदाला बहुधा ३० फोटो, ज्यांना आपण फ्रेम म्हणतो. भिंत हलत नाही, पण तिच्यावरचे दाणे दर फ्रेमला बदलतात. लागोपाठच्या फ्रेम मिसळून सरासरी घेतली, की दाणे एकमेकांना खोडतात आणि भिंत स्वच्छ होते. चार फ्रेम मिसळल्या तर दाणे निम्मे होतात, नऊ मिसळल्या तर एक तृतीयांश. अनेक फोन हे काम व्हिडिओ काढतानाच गुपचूप करतात आणि ॲप त्यावर आणखी एक हात फिरवतं.

अडचण हलणाऱ्या वस्तूची आहे. नऊ फ्रेममध्ये हात नऊ ठिकाणी असेल, तर सरासरीत नऊ फिकट हात उमटतात. पुढे खरा हात आणि मागे पारदर्शक शेपूट. यालाच घोस्टिंग म्हणतात.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण हिशेब खरा आहे. सात महिन्यांचं बाळ झोपलं आहे आणि त्याच्या हाताला झटका येतो. स्नायूंचा असा क्षणिक झटका सेकंदाच्या दहाव्या भागातही संपतो, म्हणजे तीन फ्रेम. पहिलीत हात उचलला, दुसरीत वर, तिसरीत खाली. पडद्यावरची उजळता ० ते २५५ मध्ये मोजतात. हात गादीपेक्षा ४५ ने उजळ आहे आणि दाण्यांचा चढउतार १५ आहे. म्हणजे हात दाण्यांच्या तिप्पट ठळक आहे. चित्र कितीही खराब असलं, तरी डोळ्याला तो कळतो.

आता नऊ फ्रेमची सरासरी करा. दाणे १५ वरून ५ वर आले. पण वर गेलेला हात नऊपैकी एकाच फ्रेममध्ये होता. त्याची उजळता नऊ ठिकाणी वाटली गेली आणि ४५ चेही ५ झाले. आता हात आणि दाणे सारखेच! झटका गेला. उरलं काय, तर एखादी पुसट सावली, जी पाहणारा ‘काही नाही’ म्हणून सोडून देईल.

त्याच व्हिडिओत बाळाची छाती मात्र व्यवस्थित वरखाली होताना दिसेल. या वयात एका श्वासाला साधारण दीड-दोन सेकंद लागतात आणि नऊ फ्रेम म्हणजे सेकंदाचा जेमतेम तिसरा भाग. संथ हालचाल सरासरीतून वाचते, जलद हालचाल बुडते. त्यामुळे साफ केलेला व्हिडिओ पाहून ‘बाळ शांत झोपलंय’ असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि धोकाही तोच आहे.

चांगली ॲप यावर तोड काढतात. जो ठिपका दोन फ्रेममध्ये फार बदलला तो हलला असं समजून त्याची सरासरी करत नाहीत, किंवा वस्तू कुठे सरकली ते शोधून मग मिसळतात. पण अंधारात दाणेसुद्धा ठिपक्याचा रंग बदलतच असतात. बदलाची मर्यादा कमी ठेवली, तर दाण्यांनाच हालचाल समजून ते तसेच राहतात. मर्यादा वाढवली, तर फिकट खऱ्या हालचाली दाण्यांबरोबर पुसल्या जातात. दोन्ही बाजूंनी पूर्ण सुटका नाही. म्हणून पांढऱ्या दुपट्याखालचा श्वास अनेकदा गायब होतो आणि गडद नक्षीच्या सोलापुरी चादरीखालचा दिसतो, कारण नक्षीची कड थोडी सरकली तरी ठिपक्याची उजळता बरीच बदलते.

आपल्या व्हिडिओत असं झालंय का, हे ओळखता येतं. व्हिडिओ थांबवून एक एक फ्रेम पुढे न्या. हात थांबल्यानंतरही जुन्या जागी फिकट हात दोन-चार फ्रेम रेंगाळत असेल, तर ते घोस्टिंग. हात चालू असतानाच पसरट दिसतो आणि थांबताच लगेच स्पष्ट होतो, तर ती साधी धूसरता. कमी उजेडात प्रत्येक फ्रेम जास्त वेळ उघडी राहते म्हणून ती येते. फिरवलेल्या फुलबाजीची फोटोत रेघ दिसते, तसा हा प्रकार. बाकी खोली लख्ख आणि हातापायाभोवतीच दाणे, असं दिसलं, तर ॲपने हालचाल ओळखून तिथली सरासरी सोडून दिली आहे. दाणे असले तरी तो भाग जास्त विश्वासाचा.

खरा उपाय ॲपमध्ये नाही, बटणात आहे. खोलीतला उजेड चौपट केला, तर प्रकाशामुळे येणारे दाणे उजेडाच्या मानाने निम्मे होतात. चार फ्रेम मिसळून मिळतं तेवढंच, पण शेपूट न येता. म्हणून ट्यूबलाइट लावा, पांघरूण बाजूला करा, मोबाइल स्थिर धरा आणि चेहरा व चारही हातपाय चौकटीत ठेवा. साफ केलेली प्रत हवी तर वेगळी करा, मूळ फाइल पुसू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. साध्या व्हिडिओसारखी पाठवली, तर आकार कमी करताना बारकावे पुन्हा जातात.

तान्ह्या बाळांच्या बाबतीत हे जास्त महत्त्वाचं. ‘इन्फन्टाइल स्पॅझम’ हा फिट्सचा प्रकार बहुधा पहिल्या वर्षातच सुरू होतो. झोपेतून उठताना मान झुकते, हात पसरतात, एक-दोन सेकंदांत संपतं आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा होतं. घरचे त्याला दचकणं किंवा पोटदुखी समजतात. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकं मेंदूच्या वाढीसाठी चांगलं. अशा झटक्यांची सुरुवात फार जलद असते आणि सरासरीत पहिली जाते ती तीच.

आणि व्हिडिओच्या आधी मूल. फिट आली तर त्याला कुशीवर वळवा, वेळ बघा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट रुग्णालय गाठा. चित्रण दुसऱ्या माणसाने करावं. दाणेदार असलं तरी चालेल, आम्हाला ते तसंच दाखवा.