क्लाउडचा खर्च कोणाच्या नावे?

समजा, पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीची दोन कामे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, म्हणजे एडब्ल्यूएसवर चालतात. एक शाळांसाठीचे हजेरीचे अ‍ॅप, दुसरे बाजार समित्यांमधले शेतमालाचे भाव दाखवणारे अ‍ॅप. महिना संपला की अकाउंटंटकडे २,३६,००० रुपयांचे एकच इन्व्हॉइस येते. दोन्ही कामांचे ग्राहक वेगळे, त्यांच्याशी ठरलेले दरही वेगळे. त्यामुळे मालकाला एवढेच हवे असते: यातले हजेरीच्या नावे किती टाकायचे आणि बाजारभावाच्या नावे किती?

इन्व्हॉइसची पीडीएफ हे सांगत नाही. तिच्यात विक्रेता, कर आणि सेवावार बेरजा असतात: सर्व्हरचे इतके, डेटाबेसचे इतके. कोणता सर्व्हर कोणासाठी चालला, याचा त्यात उल्लेख नसतो. तिच्यावरून एक काम मात्र आधी उरकून घ्यावे, ते म्हणजे कर बाजूला काढणे. वरच्या रकमेत १८ टक्के जीएसटीचे ३६,००० रुपये आहेत. नोंदणीकृत कंपनीला या कराची वजावट सहसा मिळते, म्हणून तो प्रकल्पांवर टाकायचा नाही. वाटायची रक्कम उरते २,००,००० रुपये.

ओळ कशी वाचायची

खरा तपशील खात्यातल्या बिलिंगच्या पानावर आणि त्याहून बारीक, डाउनलोड करता येणाऱ्या वापराच्या अहवालात असतो. कुठली वस्तू किती वापरली आणि तिचे किती झाले, हे त्यात ओळीओळीने येते. ओळी पहिल्यांदा पाहणाऱ्याला त्या सांकेतिक वाटतात:

```
APS3-BoxUsage:t3.medium      720 Hrs
APS3-EBS:VolumeUsage.gp3     200 GB-Mo
APS3-NatGateway-Bytes       3000 GB
```

सुरुवातीचे `APS3` म्हणजे मुंबई विभाग. `BoxUsage` म्हणजे चालू सर्व्हर. `t3.medium` हा त्याचा आकार. ७२० तास म्हणजे तीस दिवसांच्या महिन्यात तो क्षणभरही बंद झालेला नाही. रात्री कोणी वापरत नसलेला चाचणीचा सर्व्हर असा ७२० तास दिसला, तर तिथेच प्रश्न विचारावा.

दुसरी ओळ डिस्कची आहे. तिचे माप जागा आणि काळ यांचे मिळून होते. २०० जीबीची डिस्क महिनाभर ठेवली काय किंवा ४०० जीबीची अर्धा महिना, आकडा तोच येतो. सर्व्हर बंद केला की पहिली ओळ थांबते, पण ही थांबत नाही. डिस्क पुसेपर्यंत तिचे भाडे चालूच राहते.

तिसरी ओळ नॅट गेटवेची आहे. आतल्या खासगी जाळ्यातले सर्व्हर ज्या दारातून बाहेरच्या जगाशी बोलतात, ते हे दार. ते उघडे ठेवण्याचे तासावर पैसे लागतात आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे वेगळे. खर्च पाहण्याच्या कॉस्ट एक्सप्लोरर या पानावर डिस्क आणि नॅट गेटवे हे दोन्ही `EC2-Other` अशा मोघम नावाखाली जमा होतात. हे नाव फुगलेले दिसले की आत शिरून पाहावेच.

टॅग लावला, तरी बिलात का दिसत नाही?

प्रत्येक सर्व्हरला, डिस्कला, डेटाबेसला टॅग लावता येतो. टॅग म्हणजे नाव आणि किंमत अशी जोडी. आपल्या कंपनीने `Project` हे नाव ठरवले आणि त्याच्या दोन किमती: `shala` आणि `mandi`. इथवर सोपे आहे. पण निव्वळ टॅग लावल्याने तो बिलात येत नाही. मुख्य खात्याच्या बिलिंग विभागात जाऊन `Project` हा खर्चवाटपाचा टॅग म्हणून सुरू करावा लागतो. नवा टॅग त्या यादीत दिसायलाच २४ तासांपर्यंत लागतात आणि सुरू केल्यावर तो लागू व्हायला पुन्हा तितकाच वेळ जाऊ शकतो.

आधी सुरू करायचा राहून गेला असेल, तर बारा महिन्यांपर्यंत मागे जाऊन तो लागू करण्याची विनंती करता येते. तिची मर्यादा नीट समजून घ्यावी. त्या वेळी वस्तूवर टॅग होता, पण बिलिंगमध्ये सुरू नव्हता, एवढीच उणीव तिने भरून निघते. ज्या वस्तूला मार्चमध्ये टॅगच नव्हता, तिला जूनमध्ये तो लावला म्हणून मार्चचे बिल बदलत नाही.

आता आपल्या दोन लाखांची `Project` टॅगनुसार विभागणी मागवली, तर समजा अशी यादी येते: `shala` ७०,००० रुपये, `mandi` ४२,००० रुपये, `Shala` ८,००० रुपये आणि टॅग नसलेले ८०,००० रुपये.

तिसरी नोंद गंमतीची आहे. कोणीतरी `S` मोठा टाइप केला. माणसाला ती एकच शाळा वाटते, पण एडब्ल्यूएस टॅगमधले लहान-मोठे अक्षर वेगळे धरते. आज दुरुस्ती केली तरी बिलातल्या जुन्या ओळी जुन्याच नावाने राहतात. त्यासाठी कॉस्ट कॅटेगरी नावाच्या सोयीत ‘ही दोन्ही नावे एकच समजा’ असा नियम करून ठेवता येतो. तो केला की हजेरीचे ७८,००० होतात.

ऐंशी हजारांचा शोध

उरलेले ८०,००० म्हणजे बिलाचा ४० टक्के भाग. इथे बहुतेक ठिकाणी एक सोपी वाट धरली जाते: टॅग असलेला खर्च ७८ ला ४२ आहे, म्हणजे ६५ ला ३५ टक्के, तर बाकीचाही त्याच प्रमाणात वाटून टाकू. त्या हिशेबाने हजेरीच्या नावे १,३०,००० आणि बाजारभावाच्या नावे ७०,००० पडतात. बेरीज जुळते, पण वाटणी चुकते. टॅग नसलेला खर्च सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. ज्या गटाने टॅग लावायचा कंटाळा केला, त्याच्याच वस्तू त्यात जास्त सापडतात. मग ज्याने शिस्त पाळली, त्याच्या डोक्यावर दुसऱ्याचा खर्च बसतो.

म्हणून तो ढीग वस्तूनिहाय उघडायचा. अहवालात बहुतेक ओळींपुढे त्या वस्तूचा क्रमांक असतो. त्यावरून ती कोणी, कधी, कशाला तयार केली हे शोधता येते. आपल्या उदाहरणात त्यातून पाच गोष्टी निघाल्या.

पहिली, डिस्क आणि त्यांच्या जपून ठेवलेल्या प्रती: २०,००० रुपये. सर्व्हरला टॅग होता, पण सर्व्हरचा टॅग त्याच्या डिस्कवर आपोआप उतरत नाही. सर्व्हर तयार करतानाच डिस्कलाही टॅग लावायला सांगावे लागते. कोणती डिस्क कोणत्या सर्व्हरला जोडली आहे ते पाहिल्यावर १२,००० हजेरीचे आणि ५,००० बाजारभावाचे निघाले. ३,००० रुपयांच्या डिस्क कशालाच जोडलेल्या नव्हत्या. त्यांचे सर्व्हर केव्हाच पुसले गेले होते.

दुसरी, हाताने तयार केलेला चाचणीचा सर्व्हर: १३,००० रुपये. तो बाजारभावाच्या गटाचा होता. तिसरी, नॅट गेटवे: १८,०००. चौथी, दोन्ही अ‍ॅपचा सामाईक डेटाबेस: ११,०००. पाचवी, एडब्ल्यूएसच्या तांत्रिक मदतीची वर्गणी: १८,०००. तिच्यामागे कुठलीच वस्तू नसल्यामुळे टॅग लावायलाच जागा नाही.

थेट मालक सापडलेला खर्च आता हजेरीचा ९०,००० आणि बाजारभावाचा ६०,००० झाला. बेवारस ३,००० बाजूला राहिले आणि खऱ्या अर्थाने सामाईक उरले ४७,०००.

सामाईक खर्चाची वाटणी

सोसायटीत जिन्यातल्या दिव्याचे बिल घरटी सारखे वाटतात, पण टँकरचे पाणी सारखे वाटले की भांडण होते. क्लाउडच्या सामाईक खर्चातही प्रत्येक बाबीचा निकष तिच्या स्वभावाप्रमाणे ठरवावा लागतो.

नॅट गेटवेचा खर्च मुख्यतः त्यातून गेलेल्या डेटामुळे वाढतो, म्हणून निकष डेटाचा. कोणत्या सर्व्हरकडून किती गेला, हे जाळ्यातल्या वाहतुकीच्या नोंदींवरून कळते. मात्र त्या नोंदी आधीपासून सुरू असाव्या लागतात, मागाहून मिळत नाहीत. समजा ३,००० जीबीपैकी २,००० बाजारभावाचे निघाले. मग १८,००० पैकी १२,००० त्याचे आणि ६,००० हजेरीचे. डेटाबेस दोघांनी सारखाच व्यापला आहे, तर ५,५०० प्रत्येकी. मदतीच्या वर्गणीला वापराचे मोजमाप नाही, पण ती साधारणपणे बिलाच्या आकारावर अवलंबून असते. म्हणून ती थेट खर्चाच्या प्रमाणात, म्हणजे तीनास दोन: हजेरीचे १०,८०० आणि बाजारभावाचे ७,२००.

एकूण हजेरीच्या नावे १,१२,३०० आणि बाजारभावाच्या नावे ८४,७००. सोप्या वाटणीशी ताडून पाहा: बाजारभावाचा खर्च ७०,००० नाही, १४,७०० ने जास्त आहे. ग्राहकाकडून महिन्याला ८०,००० घेत असाल, तर आधीच्या हिशेबात जे काम फायद्याचे दिसत होते, ते तोट्यात चालले आहे.

हिशेबातून एक उपायही निघतो. बाजारभावाचे सर्व्हर आपल्या फाइली एडब्ल्यूएसच्याच साठवणुकीतून, एस-थ्रीमधून, आणत होते आणि त्या नॅट गेटवेतून येत असल्याने प्रत्येक जीबीचे पैसे पडत होते. त्याच विभागातल्या एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट नावाची वेगळी वाट असते आणि तिला वेगळे शुल्क नाही. ती जोडली की पुढच्या महिन्यात `NatGateway-Bytes` ची ओळ लहान झालेली दिसायला हवी. दिसली नाही, तर डेटा अजून जुन्याच दाराने जात आहे असे समजावे.

पुढच्या महिन्यासाठी

दर महिन्याला अशी शोधाशोध परवडत नाही. `Project` टॅग नसेल तर सर्व्हर तयारच होऊ द्यायचा नाही, असा नियम खात्यावर लावता येतो. टॅगच्या किमतीही ठरलेल्या यादीतूनच घ्यायची सक्ती करता येते, म्हणजे `Shala` पुन्हा उगवत नाही. सामाईक वस्तूंना `shared` अशी वेगळी किंमत द्यावी, कारण ‘सामाईक आहे’ आणि ‘कोणाचे आहे ते ठाऊक नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणाने, समसमान किंवा ठरावीक टक्क्यांनी वाटण्याचे नियम कॉस्ट कॅटेगरीत एकदा लिहून ठेवले की वाटणी दर महिन्याला आपोआप होते.

राहिले ते बेवारस डिस्कचे ३,००० रुपये. रक्कम किरकोळ, म्हणून ती दोघांत वाटून टाकण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. वाटली की ती दोन्ही हिशेबांत विरघळते आणि मग ती डिस्क कोणी पुसत नाही. अहवालात ती वेगळ्या ओळीत, मालक नाही असे लिहून ठेवावी आणि तीच ओळ पुढच्या महिन्याच्या बैठकीत सर्वांत आधी वाचावी.