१९६१ साली महाराष्ट्रातली शहरे खरेच मागे पडली होती का?

महाराष्ट्रातले शंभरापैकी किती लोक शहरात राहतात, याचे दर दहा वर्षांचे आकडे जनगणनेच्या तक्त्यांत एकाखाली एक मांडलेले सापडतात. १९४१ साली ते प्रमाण २१ टक्क्यांच्या आसपास होते. १९५१ साली ते २८.७५ टक्क्यांवर गेले. १९७१ साली ३१.१७ आणि २०११ साली ४५.२२. प्रत्येक दशकात आकडा वरच जातो. अपवाद एका ठिकाणी आहे. १९६१ साली हे प्रमाण २८.२२ टक्के नोंदले गेले, म्हणजे आधीच्या जनगणनेपेक्षा अर्ध्या टक्क्याने कमी.

घट लहान असली तरी ती ज्या दशकात दिसते ते दशक पाहिले की प्रश्न पडतो. पहिल्या दोन पंचवार्षिक योजनांचा हा काळ. गिरण्या चालू होत्या, ठाणे आणि पिंपरीच्या बाजूला नवे कारखाने येत होते, कोकणातून आणि घाटावरून माणसे मुंबईकडे निघाली होती. अशा दहा वर्षांत राज्य थोडे अधिक ग्रामीण झाले, असे हा तक्ता सांगतो. कुणी या आकड्यांवरून आलेख काढला, तर पन्नाशीच्या दशकात महाराष्ट्राचे नागरीकरण थबकले असा निष्कर्ष सहज निघेल. तो निष्कर्ष चुकीचा आहे. शहरे थांबली नव्हती. ‘शहर’ कशाला म्हणायचे, तो नियम मधल्या काळात बदलला होता.

१९५१ पर्यंतचा नियम सैल होता. जिथे नगरपालिका किंवा लष्करी छावणीचे कटक मंडळ आहे ते ठिकाण शहर, हे सरळच. त्याशिवाय पाच हजारांहून अधिक वस्तीच्या सलग गावाला शहर मानायचे की नाही, हे प्रांताच्या जनगणना अधीक्षकाने ठरवायचे. तिथली वस्ती कशी आहे, व्यापार किती चालतो, गावाला जुना लौकिक आहे का, हे पाहून तो निर्णय घेई. आता आजचा महाराष्ट्र १९५१ साली कसा विखुरलेला होता ते आठवून पाहा. पश्चिम महाराष्ट्र आणि कोकण मुंबई राज्यात, विदर्भ मध्य प्रदेशात, मराठवाडा हैदराबाद राज्यात. त्यामुळे तीन राज्यांत तीन अधीक्षकांनी आपापल्या नजरेने शहरे ठरवली. एखाद्या जुन्या संस्थानाची राजधानी किंवा तालुक्याच्या बाजारपेठेचे गाव शेतीवर जगत असले, तरी शहरांच्या यादीत बसू शकत होते.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले आणि पुढच्याच वर्षी जनगणना आली. तेव्हाचे जनगणना आयुक्त अशोक मित्रा यांनी अधीक्षकाच्या मर्जीवर सोडलेला भाग काढून देशभर एकच कसोटी लावली. नगरपालिका, कटक मंडळ असलेली ठिकाणे पूर्वीप्रमाणेच शहरे राहिली. बाकीच्यांना मात्र तीन अटी एकदम पूर्ण कराव्या लागणार होत्या: वस्ती किमान पाच हजार, घनता चौरस मैलाला किमान एक हजार माणसे, आणि काम करणाऱ्यांपैकी किमान तीन चतुर्थांश लोक शेतीबाहेरच्या उद्योगांत. बहुतेक लहान ठिकाणे तिसऱ्या अटीवर अडली. आठवड्याचा बाजार, कचेरी, शाळा, दवाखाना सगळे असलेल्या गावातसुद्धा निम्मे लोक सकाळी शेतावरच जात होते. राज्यातल्या शहरांची संख्या १९५१ च्या मानाने शंभराहून अधिकने कमी होऊन २६६ वर आली. त्या गावांतले लोक कुठेही गेले नव्हते. ते होते तिथेच राहिले आणि कागदावर ग्रामीण झाले.

असा बदल आकड्यांतूनच ओळखता येतो का? येतो, आणि हे तंत्र कोणत्याही राज्याच्या तक्त्याला लावता येते. पहिली खूण म्हणजे शहरांची संख्या. लोकसंख्या वाढत असताना शहरांची संख्या एकदम घसरली, तर नियम बदलला असण्याची शक्यता मोठी असते. दुसरी खूण म्हणजे कमी झालेली शहरे कोणत्या आकाराची आहेत. ती बहुतेक दहा हजारांच्या आतली असतील, तर गळती व्याख्येच्या उंबरठ्यावर झाली आहे. तिसरी खूण सर्वांत बोलकी: शहरी आणि ग्रामीण वाढीचे वेग शेजारी ठेवून पाहायचे.

आपल्या राज्यासाठी ते पाहू. १९५१ साली आजच्या महाराष्ट्राच्या क्षेत्रात ३२० लाख लोक होते, त्यांपैकी ९२ लाख शहरी. १९६१ साली एकूण ३९५.५ लाख, त्यांपैकी १११.६ लाख शहरी. म्हणजे शहरी लोकसंख्या २१ टक्क्यांनी वाढली आणि ग्रामीण लोकसंख्या साडेचोवीस टक्क्यांनी. खेडी शहरांपेक्षा वेगाने वाढली, असे हे आकडे म्हणतात. आता यातून बृहन्मुंबई बाजूला काढू. मुंबई ३० लाखांवरून साडेएकेचाळीस लाखांवर गेली, म्हणजे जवळपास ३९ टक्के वाढ. मग राज्यातल्या उरलेल्या सगळ्या शहरांची मिळून वाढ दहा वर्षांत फक्त १३ टक्के उरते, ग्रामीण वाढीच्या जेमतेम निम्मी. पुणे, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर, नाशिक यांच्यासह सगळी शहरे दहा वर्षांत खेड्यांच्या निम्म्या वेगाने वाढली, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. वेगातली ही विसंगती दिसली की आकड्याखालची व्याख्या तपासायलाच हवी.

आता दुरुस्ती. खरी दुरुस्ती प्रत्येक वगळलेल्या गावाची लोकसंख्या जिल्हावार तक्त्यांतून उचलून करावी लागते. पद्धत समजण्यासाठी इथे मी एक ढोबळ गृहीत धरतो: साधारण शंभर गावे वगळली गेली आणि १९५१ साली त्यांची सरासरी वस्ती सात हजार होती. म्हणजे सात लाख लोक. हा जनगणनेचा आकडा नव्हे, हिशेबासाठी धरलेला आहे.

पहिला मार्ग असा की १९६१ चा कडक नियम मागे नेऊन १९५१ ला लावायचा. हे सात लाख १९५१ च्या शहरी बेरजेतून काढले की शहरी लोक ८५ लाख उरतात आणि प्रमाण २८.७५ ऐवजी २६.६ टक्के होते. मग आलेख २६.६ वरून २८.२ वर जातो, घट नाहीशी होते. वाढीचे वेगही उलटतात: शहरी वाढ ३१ टक्के आणि ग्रामीण २१ टक्के. मुंबईच्या ३९ टक्क्यांशी हे चित्र जुळते. दुसरा मार्ग उलटा. १९५१ चा सैल नियम पुढे नेऊन ती गावे १९६१ मध्येही शहरीच धरायची. दहा वर्षांत त्यांची वस्ती सुमारे साडेआठ लाख झाली असे मानले, तर १९६१ चे प्रमाण ३०.४ टक्के येते. आलेख २८.७५ वरून ३०.४ वर.

दोन्ही मार्गांनी उत्तरे वेगळी आली, पण वाढ जवळजवळ तेवढीच आली, दीड ते पावणेदोन टक्के. ‘महाराष्ट्र किती टक्के शहरी होता’ याचे उत्तर नियमावर अवलंबून आहे आणि त्याला एकच बरोबर आकडा नाही. ‘महाराष्ट्र अधिक शहरी होत होता का, आणि किती वेगाने’ याचे उत्तर मात्र दोन्ही नियमांखाली सारखे येते. अट एकच: दोन्ही वर्षांना एकच नियम लावलेला हवा. एका टोकाला सैल नियम आणि दुसऱ्या टोकाला कडक नियम ठेवून काढलेली रेषा लोकांच्या हालचालीविषयी काहीच सांगत नाही.

गंमत म्हणजे जनगणनेच्या तक्त्यांत सीमांची दुरुस्ती केलेली आहे. महाराष्ट्र १९६० साली झाला, तरी १९०१ पासूनचे आकडे आजच्या क्षेत्रासाठी मागे जाऊन पुन्हा जुळवलेले आहेत. भूभाग सारखा केला, व्याख्या सारखी केली नाही. वाचणाऱ्याला सगळी मालिका एकसंध वाटते ती त्यामुळेच. अमेरिकेच्या जनगणना खात्याने १९५० साली शहराची व्याख्या बदलली, तेव्हा त्या वर्षाचे दोन्ही आकडे छापले: जुन्या व्याख्येने देशाची ५९.६ टक्के लोकसंख्या शहरी, नव्या व्याख्येने ६४. सांधा कुठे आहे आणि तो किती रुंद आहे, हे त्यामुळे आजही कुणालाही पाहता येते.

१९६१ नंतरही व्याख्या पूर्ण स्थिर राहिली असे नाही. १९७१ साली घनतेची अट चौरस किलोमीटरला ४०० अशी झाली, तो फरक किरकोळच होता. १९८१ चा बदल कोकणाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. तोवर मासेमारी, पशुपालन, फळबागा यांतली माणसे शेतीबाहेरची धरली जात. १९८१ पासून ती शेतीच्या बाजूला गेली. त्यामुळे मच्छीमारांचे दाट वस्तीचे बंदर आधी शहर ठरू शकत होते, ते नव्या हिशेबात ठरणे अवघड झाले. राज्याच्या एकूण आकड्यात हे फारसे दिसत नाही, पण एखाद्या किनारी जिल्ह्याचा आलेख पाहताना लक्षात ठेवावे लागते.

पुढचा सांधा आपल्यासमोर आहे आणि तो उलट्या दिशेचा आहे. २०१४ नंतर राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या शंभराहून अधिक ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती करण्याचा निर्णय घेतला. नगरपंचायत झाली की ते ठिकाण जनगणनेत आपोआप शहर ठरते. मग तिथले किती लोक शेती करतात, घनता किती आहे, हे कुणी विचारत नाही. १९६१ साली ज्या प्रकारची गावे शेतीच्या अटीमुळे यादीतून गेली, त्याच प्रकारची काही गावे आता शासननिर्णयाने यादीत येतील. २०२७ च्या जनगणनेत महाराष्ट्राचे नागरी प्रमाण वाढलेले दिसेल, तेव्हा त्यात तीन गोष्टी मिसळलेल्या असतील: शहरांत स्थलांतर करून आलेली माणसे, शेती सोडून वाढलेली गावे, आणि केवळ दर्जा बदललेली गावे.

या तिन्हींचा अर्थ वेगळा आहे. स्थलांतराने वाढलेल्या शहराला घरे आणि पाणी लागते. शेती सोडलेल्या गावाला रोजगार आणि गटारे लागतात. फक्त पाटी बदललेल्या गावात मात्र शेतकरी तसाच राहतो, ग्रामीण योजनांच्या यादीतून त्याचे गाव निघून जाते आणि घरपट्टीचे नियम बदलतात. म्हणून २०२७ चे आकडे येतील तेव्हा राज्याच्या नियोजन खात्याने दोन ओळी छापाव्यात: एक नव्या यादीप्रमाणे, दुसरी २०११ साली जी ठिकाणे शहर होती फक्त तेवढ्यांची. दोन ओळींमधले अंतर म्हणजे नव्याने शहर ठरलेल्या गावांचा वाटा. त्यातली किती गावे नगरपंचायतीमुळे आली आणि किती शेती सोडून आली, हे तिथल्या कामगारांच्या तक्त्यावरून वेगळे काढता येईल. १९६१ साली हे झाले नाही, आणि त्या अर्ध्या टक्क्याचा खुलासा आज आपल्याला उलटा हिशेब मांडून करावा लागतो.