नाव काढलं तरी पेशंट ओळखू येतो

नोकरी बदलायची म्हटली की आयसीयूतली सिस्टर आधी लिंक्डइनवरची प्रोफाइल नीट करायला घेते. 'स्टाफ नर्स, ५ वर्षांचा अनुभव' एवढ्यावर पुढची मुलाखत मिळत नाही, हे तिला ठाऊक असतं. मग ती स्वतःचं सर्वांत अभिमानाचं काम लिहिते. समजा, तालुक्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयातल्या सिस्टरनं असं लिहिलं: 'गेल्या जुलैत मण्यार चावलेल्या ७ वर्षांच्या मुलाची ११ दिवस व्हेंटिलेटरवर शुश्रूषा केली. मूल चालत घरी गेलं.'

नाव नाही, गाव नाही. तरीही त्या तालुक्यातला कोणीही वाचक सांगेल की हा मुलगा कोणाचा. कारण उरलेली माहिती प्रोफाइलच पुरवते. रुग्णालयाचं नाव वरच्या ओळीत असतं, नोकरीचा काळ त्याच्याखाली असतो. त्यात महिना, वय आणि क्वचित घडणारी घटना मिळाली की नावाची गरजच उरत नाही. अमेरिकेतल्या हिपा कायद्याखालच्या नियमांनी हे नेमकं पकडलं आहे. माहिती निनावी ठरवण्याच्या तिथल्या एका पद्धतीत १८ प्रकारचे तपशील काढावे लागतात. राज्यापेक्षा लहान ठिकाण, वर्ष सोडून बाकी तारीख, इतकंच काय ८९ च्या पुढचं वयसुद्धा त्यात येतं, कारण इतक्या वयाची माणसं थोडी असतात आणि म्हणून सहज सापडतात.

मग त्या सिस्टरनं काय लिहावं? मुलाची गोष्ट काढून त्या ११ दिवसांत तिनं वापरलेलं कौशल्य लिहावं: 'विषबाधेमुळे श्वसन बंद पडलेल्या रुग्णांची व्हेंटिलेटरवरील शुश्रूषा, सर्पविषप्रतिबंधक लस देताना रिअॅक्शनवर लक्ष ठेवणे, सक्शन, एबीजीसाठी नमुना घेणे, व्हेंटिलेटर काढतानाची देखरेख.' यात रुग्ण नाही, पण नर्सिंग सुपरिटेंडेंटला हवं ते सगळं आहे. शेजारी युनिटची माहिती द्यावी: किती खाटांचा आयसीयू, एका नर्सकडे किती पेशंट, रात्रपाळीची इन्चार्ज होतात का, कोणतं मशीन स्वतः चालवता. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी चालू आहे, बीएलएस-एसीएलएस झालं आहे, हेही लिहावं. निवड करणाऱ्याला याचाच उपयोग होतो, असं माझं मत आहे. चमत्काराच्या कथेपेक्षा जास्त.

लहान आकड्यांपासूनही सावध राहायला हवं. डायलिसिस टेक्निशियननं 'हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह रुग्णांच्या वेगळ्या मशीनवर काम' लिहिलं, तर मोठ्या शहरातल्या केंद्रात अडचण नाही. पण गावातल्या केंद्रात असा रुग्ण एकच असेल, तर त्याचा आजार गावभर होतो. तिथे 'संसर्ग नियंत्रणाच्या नियमांनुसार डायलिसिस' एवढंच पुरे. एचआयव्हीच्या बाबतीत तर २०१७ च्या कायद्यानं रुग्णाच्या संमतीशिवाय ही माहिती उघड करायला मनाई केली आहे. युनिटमधलं संसर्गाचं प्रमाण किंवा मृत्यूचे आकडे ही रुग्णालयाची अंतर्गत माहिती असते; परवानगी नसेल तर तीही टाकू नये.

फोटोंमुळे जास्त घात होतो. युनिफॉर्ममधली सेल्फी टाकताना आपण आपला चेहरा पाहतो. मागच्या मॉनिटरवरचं नाव, भिंतीवरच्या बोर्डवर लिहिलेले खाट क्रमांक, ट्रॉलीवरची उघडी फाइल, रुग्णाच्या मनगटावरची पट्टी आपल्याला दिसत नाही. पाहणारा मात्र फोटो मोठा करून वाचू शकतो. नाव पुसट केलं तरी बाकीचा वॉर्ड तसाच राहतो. म्हणून वॉर्डातला फोटो नकोच. साध्या भिंतीसमोरचा पुरतो.

एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. एखाद्या नातेवाइकानं आपण होऊन प्रोफाइलवर कौतुक लिहिलं: 'आमच्या बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर फिजिओथेरपिस्ट मॅडमनी त्यांना चालतं केलं.' ते लिहिणं त्यांची मर्जी. पण मॅडमनी 'काकांचा डावा पाय आता कसा आहे?' असं उत्तर दिलं, तर काका आपले रुग्ण होते याला त्यांच्याच तोंडून दुजोरा मिळतो, शिवाय नवा तपशील बाहेर जातो. उत्तर फक्त 'मनापासून धन्यवाद' एवढंच असावं.

मुलाखतीत 'एखादी अवघड केस सांगा' म्हणतील, तेव्हाही हाच नियम. 'लहान वयाचा, विषबाधा झालेला एक रुग्ण' असं म्हणून पुढे आपण काय पाहिलं, कोणाला कळवलं आणि काय केलं, ते सांगावं. गाव, महिना, आईवडिलांचा व्यवसाय यांतलं काही नको.

लिहून झालं की प्रोफाइल त्या रुग्णाच्या शेजाऱ्याच्या नजरेनं एकदा वाचा. 'अरे, हा तर आपला अमुक' असं त्याच्या मनात येऊ शकत असेल, तर ती ओळख पटवणारा तपशील काढा. जुन्या पोस्ट आणि फोटोही याच नजरेनं आजच पाहून घ्या आणि शंका आली तर लगेच काढून टाका.