नंबर शून्य, तरी अक्षरं पळतात: डोळे आत वळवण्याचे व्यायाम आणि जाहिरातींचे दावे

वाशीत शनिवारी संध्याकाळी, तेही परीक्षेच्या दिवसांत, इतके पालक येतील असं आम्हाला वाटलं नव्हतं. आज एकाच तक्रारीबद्दल बोलू. मूल वाचायला बसतं, पंधरा-वीस मिनिटांनी ओळी एकमेकांत मिसळतात, कपाळ दुखतं. डोळे तपासले तर नजर सहा बाय सहा, नंबर जवळजवळ शून्य. मग घरात निष्कर्ष निघतो, 'अभ्यासाचा कंटाळा, दुसरं काही नाही.'

एक मुलगी उदाहरणादाखल घेऊ. नेरूळची, नववीतली. हे चित्र आम्ही दोन-तीन रुग्णांवरून एकत्र केलंय, म्हणजे कुणाची ओळख पटायला नको. ती आमच्याकडे आली तेव्हा सायनसचा एक्स-रे झालेला होता आणि मॉलमधून घेतलेला निळ्या काचेचा बिननंबरी चष्माही होता. दोन्हींनी काही फरक पडला नव्हता. आई म्हणाली, "वाचताना ही एक डोळा झाकून घेते, मला वाटायचं सवय आहे." आमच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं वाक्य हेच होतं. एक डोळा झाकल्यावर त्रास थांबत असेल, तर गोंधळ एका डोळ्यात नाही, दोघांच्या जोडीत आहे.

दूर बघताना आपले दोन्ही डोळे जवळपास समांतर असतात. वही समोर आली की दोघांना नाकाकडे वळावं लागतं, आणि वाचन संपेपर्यंत तसंच वळून राहावं लागतं. ही क्रिया कमी पडणं म्हणजे कन्व्हर्जन्स इनसफिशियन्सी. हा नेहमीचा तिरळेपणा नाही. मूल समोर उभं राहिलं तर डोळे सरळच दिसतात. आणि हे अगदी दुर्मीळही नाही. तामिळनाडूतल्या शाळांत मोठी पाहणी झाली, तिचे आकडे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात शहरी आणि ग्रामीण, दोन्ही ठिकाणी साधारण सहा मुलांमागे एकात ही अडचण आढळली. त्यातल्या प्रत्येकाला त्रास होत होता असं नाही, आणि निकष बदलले की आकडाही बदलतो. पण नुसत्या अक्षरतक्त्याच्या तपासणीत हे कधीच दिसत नाही, कारण तक्ता दूर असतो आणि एकेका डोळ्याने वाचायचा असतो.

त्या मुलीच्या आम्ही तीन गोष्टी मोजल्या. या तिन्ही लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडतील.

पहिली, एक छोटं चित्र नाकाच्या दिशेने आणत गेलो आणि ते 'दोन' कधी दिसतं ते विचारलं. साधारणपणे पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत एकच दिसायला हवं. तिला चौदालाच दोन दिसलं. हेच आठ-दहा वेळा केल्यावर आकडा अठरावर गेला. म्हणजे डोळे आत वळत होते, पण टिकत नव्हते.

दुसरी, दोन्ही डोळ्यांची जोडी तात्पुरती तोडली, म्हणजे एक डोळा झाकला, की तो किती बाहेर सरकतो. हे प्रिझमने मोजतात. तिचा डोळा दूर बघताना एक प्रिझम आणि जवळ बघताना नऊ प्रिझम बाहेर जात होता. दूरपेक्षा जवळ चार किंवा अधिक प्रिझमचा फरक असेल तर आमचे कान टवकारतात.

तिसरी, हे सरकणं भरून काढायला तिच्याकडे शिल्लक किती. जवळचं चित्र बघताना डोळ्यांपुढे प्रिझमची ताकद वाढवत नेतो आणि चित्र कधी फुटतं ते बघतो. तिचं दहावर फुटलं. इथे एक जुना ठोकताळा आहे, जो घरखर्चासारखा आहे: खर्च नऊ असेल तर शिल्लक दुप्पट, म्हणजे अठरा हवी. हिच्याकडे दहाच होती. महिनाअखेरीला ओढाताण व्हावी तशी तिची वाचताना वीस मिनिटांत होत होती, आणि ती ओढाताण कपाळात दुखत होती.

याखेरीज पंधरा प्रश्नांची एक ठरलेली प्रश्नावली असते, तिचे साठपैकी गुण. मुलांत सोळा किंवा अधिक आले तर त्रास खरा मानतात. तिचे बत्तीस आले. बाहुलीत औषध घालून लपलेला प्लस नंबर आहे का तेही पाहिलं, कारण त्यानेही असाच त्रास होतो. तो नव्हता.

आता उपचार. 'पेन्सिल नाकाकडे आणा' हा व्यायाम तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. तो चुकीचा नाही. पण त्यात एक गोम आहे. दोन प्रतिमांचा त्रास नको म्हणून मेंदू कधी कधी एका डोळ्याची प्रतिमा चक्क बंद करतो. तेव्हा पेन्सिल नाकापर्यंत येते, एकच दिसते, मूल खूश, आई खूश, आणि एक डोळा बाहेर सुटलेला! घरी हे कळायला मार्ग नसतो.

म्हणून आम्ही सुरुवात दोरी-मण्यांपासून केली. एका लांब दोरीत रंगीत मणी, एक टोक नाकाशी, दुसरं खिडकीच्या गजाला. एका मण्याकडे बघितलं की त्या मण्यापाशी दोन दोऱ्या एकमेकींना छेदताना दिसायला हव्यात, फुलीसारख्या. एकच दोरी दिसली तर एक डोळा बंद पडलाय. दोऱ्या मण्याच्या मागे छेदत असतील तर डोळे पुरेसे आत आलेले नाहीत. म्हणजे दोरी स्वतःच सांगते की व्यायाम होतोय की नुसता वेळ जातोय. हिला पहिल्या आठवड्यात जवळच्या मण्यापाशी एकच दोरी दिसायची. पेन्सिलवर सोडलं असतं तर हे सापडलंच नसतं.

बारा आठवडे, आठवड्यातून एकदा तासभर आमच्यासमोर आणि घरी पाच दिवस पंधरा मिनिटं, असा क्रम ठेवला. दोरीनंतर दोन्ही डोळ्यांना वेगळी चित्रं दाखवून ती जोडायला लावणारी कार्डं आली. जोडणं जमलं की अंतर वाढवायचं, मग हळूहळू ऐवजी एकदम उडी मारायला लावायची, मग डोळे पुन्हा सैल सोडायला शिकवायचं. समोर बसलेल्या ऑप्टोमेट्रिस्टचं काम 'शाबास' म्हणणं एवढंच नाही. डोळे खरंच जुळले का हे बघून त्याच क्षणी व्यायाम एक पायरी वर किंवा खाली नेणं, हे त्याचं काम.

बाराव्या आठवड्यात चित्र पाच सेंटिमीटरपर्यंत एकच दिसू लागलं. शिल्लक अठ्ठावीसवर गेली. प्रश्नावलीचे गुण अकरावर आले. पण जवळ बघताना डोळा बाहेर सरकणं नऊचं आठ झालं, म्हणजे जवळपास तेवढंच राहिलं. खर्च तोच राहिला, शिल्लक वाढली. चष्म्याचा नंबर होता तसाच राहिला, आणि तो बदलेल असं आम्ही म्हटलंही नव्हतं.

तुम्ही विचाराल, हा व्यायामाचा गुण कशावरून? बारा आठवडे कुणी लक्ष दिलं, एवढ्यानेच बरं वाटलं नसेल का? रास्त शंका आहे. अमेरिकेत हाच प्रश्न घेऊन अनेक केंद्रांवर चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2008 मध्ये आले. 9 ते 17 वर्षांच्या 221 मुलांचे चार गट केले. एका गटाला देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्याला घरी पेन्सिल, तिसऱ्याला घरी कॉम्प्युटरचे व्यायाम आणि पेन्सिल. चौथ्याला दवाखान्यात बोलावून हुबेहूब खऱ्यासारखे दिसणारे, पण डोळे आत वळवण्याचा सराव न देणारे व्यायाम. बारा आठवड्यांनी पहिल्या गटात 73 टक्के मुलं बरी झाली किंवा सुधारली. पेन्सिलच्या गटात 43, कॉम्प्युटरच्या गटात 33, आणि खोट्या व्यायामाच्या गटात 35 टक्के!

हा शेवटचा आकडा नीट ऐका. काहीही खरं न करता तीनात एक मूल सुधारलं. म्हणून 'आमच्या मुलाला फरक पडला' हा व्हिडिओ कितीही मनापासून केलेला असला, तरी त्यावरून उपाय खरा ठरत नाही. आणि म्हणूनच घरच्या कॉम्प्युटरवरच्या व्यायामाला 'घरबसल्या तितकंच प्रभावी' म्हणताना विक्रेत्याकडे पुरावा मागायला हवा.

दुसरा दावा मार्कांचा. 'वाचन सुधारेल, एकाग्रता वाढेल.' 2019 मध्ये त्याच पठडीतली पुढची चाचणी आली, 9 ते 14 वर्षांची 311 मुलं, सोळा आठवडे. तिचा मुख्य प्रश्नच वाचलेलं समजण्याचा होता. खऱ्या आणि खोट्या, दोन्ही व्यायामांच्या गटांत समज सारखीच सुधारली. म्हणजे या व्यायामाने डोळ्यांचा त्रास कमी होऊ शकतो, पण मार्कांचं वचन देता येत नाही. आमच्याकडेही काही पालक 'आता नव्वद टक्के येतील ना?' असं विचारतात. आम्ही 'नाही' म्हणतो, मग कुणी नाराज होतं. इलाज नाही.

तिसरा दावा सगळ्यात जुना, चष्मा घालवण्याचा. मायनस नंबर बहुधा डोळ्याचा गोळा लांब झाल्यामुळे येतो. एक मिलिमीटर लांबी वाढली की साधारण अडीच ते तीन नंबर. डोळे फिरवून तो गोळा आखूड होत नाही. बारीक भोकांच्या चष्म्यातून स्पष्ट दिसतं खरं, कारण भोकातून कमी पसरणारे किरण आत जातात. तो काढला की पुन्हा पहिल्यासारखंच.

मग कुठे जायचं, कसं ओळखायचं? सुरुवातीला सांगितलेले ते तीन आकडे लेखी मागा, आधीचे आणि नंतरचे. किती आठवड्यांनी पुन्हा मोजणार आणि सुधारणा नसेल तर काय करणार, हेही विचारा. आकडे न घेताच सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं तर उठून या. खर्च किंवा अंतर झेपत नसेल तर घरी दोरी-मण्यांचा व्यायाम करायला हरकत नाही, पण दर तीन-चार आठवड्यांनी मोजून घ्या. मोठ्या माणसांत पुरावा मुलांइतका भक्कम नाही, तरी व्यायाम करून पाहता येतात.

एक गोष्ट मात्र व्यायामाने टाळू नका. दोन दिसणं अचानक सुरू झालं, दूर बघतानाही दोन दिसतात, पापणी पडली, एक बाहुली मोठी झाली, डोक्याला मार लागलेला आहे, किंवा सकाळी डोकं दुखून उलटी होते, तर आधी डॉक्टरांकडे जा. तिथे दोरी-मणी बांधत बसू नका.

त्या मुलीने सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घेतलं. शिल्लक थोडी उतरली होती, तेवीस होती, त्रास नव्हता. आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं दोरी, एवढंच सांगून पाठवलं. निळ्या काचेचा चष्मा तिने धाकट्या भावाला देऊन टाकलाय, खेळायला.